जुना लॅपटॉप घेताना पहिला तास: जे दुरुस्त होत नाही ते आधी बघा

दुकानात जुना लॅपटॉप हातात आला की बहुतेक जण आधी झाकण निरखतात. ओरखडे किती, कोपरा चेपलाय का, वगैरे. मग तो चालू करून किती झटकन उघडतो ते बघतात आणि खूश होतात. या दोन्ही गोष्टींची सोय दुकानदाराने आधीच केलेली असते. झाकणावर स्किन चिकटवलेली असते आणि आत नवीन एसएसडी बसवलेली असते. नवीन एसएसडी टाकली की सात वर्षांचं मशीनही दहा-पंधरा सेकंदांत उघडतं. त्यातून बाकीच्या मशीनबद्दल काहीच कळत नाही.

मी बघताना क्रम उलटा लावतो. जे दुरुस्तच होत नाही ते सगळ्यात आधी: कंपनीची कुलपं आणि मदरबोर्ड. मग जे दुरुस्त होतं पण महाग पडतं, म्हणजे स्क्रीन आणि बिजागऱ्या. बॅटरी, एसएसडी, रॅम सगळ्यात शेवटी, कारण त्या बदलता येतात आणि त्यांच्यातल्या खोटी भाव कमी करायला उपयोगी पडतात. पहिल्या गटात काही सापडलं तर भावाची गोष्टच काढायची नाही, मशीन परत द्यायचं. पहिला तास असा वापरला तर वाईट मशीनवर पूर्ण तास वाया जात नाही.

उदाहरण म्हणून माझ्या भाचीची खरेदी सांगतो. ती चिपळूणहून मुंबईला इंजिनिअरिंगला आली. बजेट २०,००० रुपये. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात फोनवर बोलून ठेवलं होतं: डेल लॅटिट्यूड ७४९०, चौदा इंची, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, भाव १८,५००. हे २०१८ सालचं, कंपन्यांसाठी बनवलेलं मॉडेल. तुम्ही थिंकपॅड घ्या किंवा एलिटबुक, पायऱ्या याच राहतात, फक्त सुरुवातीला दाबायच्या कळा बदलतात.

हा माल येतो कुठून

बाजारातले चांगले जुने लॅपटॉप बहुतेक कंपन्यांकडून आलेले असतात. कंपनी एकदम शेकड्यांनी मशीनं भाड्याने किंवा विकत घेते, तीन-चार वर्षं वापरते आणि मग लॉटमध्ये काढून टाकते. लॉट घेणारा ती पुसून, ग्रेड लावून दुकानांना विकतो. ‘ग्रेड ए’ म्हणजे बहुतेक वेळा दिसायला चांगलं, एवढंच. आतल्या तब्येतीशी त्या अक्षराचा संबंध असेलच असं नाही. ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाचंही तसंच. एखाद्या ठिकाणी त्याचा अर्थ तपासून, खराब भाग बदलून, वॉरंटीसह दिलेलं मशीन असा असतो. दुसऱ्या ठिकाणी पुसलेलं मशीन असा.

कंपनीचा माल घरगुती मालापेक्षा बांध्याने मजबूत असतो, सुटे भाग सहज मिळतात, म्हणून मी तोच घ्यायला सांगतो. पण ते मशीन एकेकाळी कंपनीच्या आयटी विभागाच्या ताब्यात होतं. तो ताबा कधी कधी सुटलेलाच नसतो, आणि वरून पाहून ते कळत नाही.

घरून निघताना

फोनवर एकच गोष्ट विचारून घ्या: “तासभर बसून तपासणार आहे आणि विंडोज नव्याने टाकून बघणार आहे, चालेल ना?” नीट दुकानदार हो म्हणतो, कारण त्याच्यासाठी ते रोजचं काम आहे. टाळाटाळ झाली तर तिकिटाचे पैसे वाचवा.

सोबत विंडोज ११ चा इन्स्टॉलर टाकलेला पेनड्राइव्ह न्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं Media Creation Tool तो तयार करून देतं, पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो. एक इअरफोन आणि फोनची डेटा चालणारी केबल घ्या. फोनमध्ये पुरेसा डेटा असू द्या, कारण इंटरनेट दुकानाचं नाही, आपलंच वापरायचं आहे. आणि जमलं तर दिवसाउजेडी जा. ट्यूबलाइटखाली स्क्रीनवरचे डाग लपतात.

बंद असतानाच, पहिली पाच मिनिटं

चार्जर न लावता, बंद मशीन सपाट काउंटरवर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून हलके दाबा. डुगडुगतंय? मग तळ फुगलाय का ते बाजूने डोळा लावून बघा. लॅपटॉपची बॅटरी खराब झाली की आतल्या आत फुगते आणि वरच्या टचपॅडला किंवा खालच्या झाकणाला ढकलते. टचपॅड एका बाजूने वर आलेला असेल किंवा त्याचं क्लिक दबतच नसेल, तर बहुधा तेच कारण. फुगलेली बॅटरी धोक्याची असते. “चालतंय की” असं कोणी म्हटलं तरी ते मशीन तसंच चालू करून बघायच्या फंदात पडू नका.

मग तळावरचे स्क्रू बघा. एखाद-दुसरा नसेल तर मोठी गोष्ट नाही. पण डोकी झिजलेली असतील, वेगवेगळ्या जातीचे स्क्रू असतील, तर मशीन बरेचदा उघडलं गेलंय.

डेलच्या तळावर सात अक्षरी सर्व्हिस टॅग असतो. तो फोनवरून डेलच्या सपोर्ट साइटवर टाका. मशीन मुळात कधी रवाना झालं आणि वॉरंटी कधी संपली हे तिथे दिसतं. त्याहून उपयोगी म्हणजे कारखान्यातून निघताना त्यात काय काय बसवलं होतं त्याची यादी. फुल एचडी स्क्रीन घेऊन निघालेल्या मशीनवर आज १३६६ × ७६८ ची स्क्रीन असेल, तर मधे कोणीतरी ती बदलली आहे. याच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकारच्या स्क्रीन येत होत्या, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही.

भाचीच्या मशीनचा टॅग जुळला, स्क्रीन मुळातच फुल एचडी. पुढे गेलो.

बायोस: इथे अडलात तर उठून निघा

मशीन चालू करताच F2 दाबत राहा. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीची मशीनची स्वतःची सेटिंगची पानं, उघडतील. (थिंकपॅडवर F1, एलिटबुकवर F10.) इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, पासवर्ड. आत जाताना पासवर्ड मागितला, किंवा आत गेल्यावर बदल करायला गेलं की “अनलॉक करा” म्हणून अडवलं, तर जुन्या कंपनीचा बायोस पासवर्ड अजून बसलेला आहे. “सेल काढला की जातो” हे दुकानातलं आवडतं उत्तर. डेस्कटॉपच्या जमान्यात ते खरं होतं. अशा लॅपटॉपमध्ये पासवर्ड मदरबोर्डवरच्या कायमच्या चिपमध्ये असतो, सेल काढून जात नाही. दुकानदाराला सांगा, “आधी काढून दाखवा, मग बोलू.”

दुसरी, Security विभागात Absolute किंवा Computrace नावाची नोंद. चोरी झालेलं मशीन शोधण्यासाठी आणि लांबून बंद करण्यासाठी कंपन्या ही सोय वापरतात. इथले शब्द नवख्याला चकवतात. Deactivate म्हणजे सोय कधी सुरूच केलेली नाही, ते ठीक. Disable म्हणजे कायमची बंद केली, तेही ठीक. Activate वर खूण असेल तर मशीन अजून कोणाच्या तरी यादीत असू शकतं, आणि हा पर्याय तुम्हाला किंवा दुकानदाराला बायोसमधून मागे फिरवता येत नाही. विंडोज नव्याने टाकूनही ती सोय जात नाही. ज्या कंपनीने ती सुरू केली तिनेच काढायची.

तिसरी, पहिल्या पानावरचा सर्व्हिस टॅग. तळावरच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर मदरबोर्ड दुसऱ्या मशीनचा आहे किंवा तळ दुसऱ्याचा. दोन मशीनची जोडणी चालते, नाही असं नाही, पण मग तो ‘ग्रेड ए’चा भाव नाही.

इथेच Battery Information मध्ये डेल बॅटरीची तब्येत एका शब्दात सांगते आणि चार्जर किती वॅटचा ओळखला तेही दाखवते. चार्जरचं महत्त्व पुढे येईल.

विंडोज नव्याने टाकणं: तासातली सगळ्यात मोलाची वीस मिनिटं

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मीही गाळायचो. एका नातेवाइकाला मीच पसंत करून दिलेलं मशीन (मॉडेल वेगळं, दुकान वेगळं) सहा महिने छान चाललं. मग त्याने एकदा फॉरमॅट केलं आणि समोर आलं एका कंपनीचं नाव, तिचा लोगो आणि “तुमच्या ऑफिसच्या ईमेलने साइन इन करा.” पुढे जायला वाटच नाही. दुकानदाराने फोन उचलला, हळहळला, आणि वॉरंटी एक महिन्याची होती याची आठवण करून दिली.

यामागे मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट नावाची व्यवस्था आहे. कंपनी आपल्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवते. ती ओळख मदरबोर्डच्या तपशिलांवरून बनते, त्यामुळे डिस्क पुसली, अगदी नवीन टाकली, तरी नोंद तशीच राहते. विंडोज पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट मिळालं की ते विचारतं, “हे मशीन कोणाचं?” आणि नोंद सापडली की कंपनीचं पान पुढे करतं. इंटरनेट न जोडता विंडोज बसवलं तर हा प्रश्नच विचारला जात नाही. दुकानात मशीनं बरेचदा इंटरनेटशिवायच बसवतात. फसवण्यासाठी असं नाही, ते लवकर होतं म्हणून. त्यामुळे कुलूप आहे की नाही हे कधी कधी दुकानदारालाही ठाऊक नसतं.

कृती सोपी आहे. पेनड्राइव्ह लावा, मशीन चालू करताना F12 दाबा, यादीतून पेनड्राइव्ह निवडा. इन्स्टॉलरमध्ये जुने सगळे भाग पुसून मोकळ्या जागेवर विंडोज टाका. त्याआधी दुकानदाराला एकदा विचारा आणि त्याच्यासमोरच करा. पंधरा-वीस मिनिटांत रंगीत पानांचा भाग येतो: देश, कीबोर्ड, मग नेटवर्क. इथे फोनचा हॉटस्पॉट जोडा. वायफाय दिसतच नसेल तर केबलने फोन लावून यूएसबी टेदरिंग चालू करा.

यानंतर “हे मशीन स्वतःसाठी की ऑफिससाठी” असा साधा प्रश्न आला, तर वाट मोकळी आहे. कंपनीचं नाव आलं तर लॅपटॉप बंद करून परत द्या. “आपल्याकडे माणूस आहे, बायपास करून देतो” या वाक्याला भुलू नका. बायपास म्हणजे पुन्हा इंटरनेटशिवाय बसवणं. पुढच्या फॉरमॅटला तुम्ही पुन्हा तिथेच.

आता साइन इन मागेल. सौदा अजून झालेला नाही, तेव्हा आपलं खातं दुकानाच्या मशीनमध्ये घालू नका. विंडोज प्रो असेल तर ‘ऑफिससाठी’ निवडून, Sign-in options मध्ये Domain join instead घेतलं की नुसत्या नावाने तात्पुरतं खातं उघडता येतं.

याच कामात आणखी एक गोष्ट कळते. कंपनीच्या मशीनसोबत आलेल्या विंडोजची किल्ली मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. नव्याने टाकलेलं विंडोज ती स्वतः उचलतं. Settings > System > Activation मध्ये Active दिसलं म्हणजे परवाना बहुधा खरा आणि मशीनचा स्वतःचा. दुकानात आधीपासून टाकलेलं विंडोज पाहत असाल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा देऊन बघा:

```
slmgr /xpr
```

“permanently activated” आलं तर उत्तम. एखादी मुदतीची तारीख आली, तर कोणीतरी तात्पुरती युक्ती लावून विंडोज चालू केलेलं आहे.

दुकानदार विंडोज टाकायला नाहीच म्हणाला आणि मशीन तुम्हाला फारच आवडलं असेल, तर एकच मार्ग उरतो. बिलावर लिहून घ्या: “कंपनी लॉक निघाल्यास पूर्ण पैसे परत.” तोंडी नको.

फाइली कॉपी होत असताना

ती पंधरा मिनिटं बसून राहू नका. स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करून बघा. चालू स्क्रीन विशिष्ट कोनात लुकलुकत असेल किंवा रेषा येत असतील, तर बिजागरीतून जाणारी केबल झिजली आहे. झाकण वर करताना बिजागरीजवळचं प्लास्टिक चौकटीपासून सुटतंय का, तेही बघा. स्क्रीन जरा सैल वाटली तर चालेल. पण चौकट उघडत असेल तर आतला आधार तुटलाय, आणि ते वाढतच जातं.

चार्जरची पिन हलकेच हलवा. चार्जिंगचा दिवा विझता-पेटता कामा नये. डेलच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक तार असते, तिच्यातून मशीन चार्जरची ओळख विचारतं. ती तार मोडली किंवा चार्जर नकली असला, तर सुरू होताना “AC power adapter type cannot be determined” असा संदेश येतो. मग मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद होतो. लोक बॅटरी बदलतात, एसएसडी बदलतात, आणि दोष असतो चार्जरचा. म्हणून बायोसमध्ये चार्जर ओळखला गेला का ते आधीच बघायचं. या मॉडेलला यूएसबी-सी नेही चार्जिंग होतं. दुकानात तसा चार्जर असेल तर तेही भोक तपासून घ्या.

प्रोसेसर आणि विंडोजची मुदत

विंडोज उघडलं की Ctrl+Shift+Esc ने टास्क मॅनेजर उघडा, Performance मध्ये जा. वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. आमच्याकडे होतं i5-8350U. i5 नंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी: 6300U सहावी, 7300U सातवी, 8350U आठवी. (1135G7 सारख्या नावात पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे अकरावी.)

आठवी पिढी ही माझी खालची मर्यादा आहे, आणि त्याला दोन कारणं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची मशीनं अधिकृतपणे चालतात. सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ आडवाटेने बसवून विकणारे पुष्कळ आहेत. ते चालतं, पण दरवर्षीचा मोठा अपडेट आपोआप येत नाही. दुसरं कारण वेगाचं. सातव्या पिढीपर्यंत या पातळ मशीनमधल्या i5 ला दोनच कोअर होते, आठवीपासून चार झाले. दिसायला सारख्या दोन मशीनमध्ये एवढा फरक असतो, आणि बाहेरच्या स्टिकरवर दोन्हीकडे ठळक दिसतं ते ‘i5’च.

त्याच खिडकीत Memory वर क्लिक करा. Slots used: 1 of 2 दिसलं तर दुसरी पट्टी नंतर घालता येईल. भाचीला पुढे १६ जीबी लागणार होतं, म्हणून आम्हाला हे हवंच होतं.

आता ताण देऊन बघा. ७-झिप हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उतरवा, त्याच्या Tools मध्ये Benchmark आहे. ते दहा मिनिटं चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये Speed चा आकडा बघत राहा. सुरुवातीला तो तीन गिगाहर्ट्‌झच्या आसपास चढेल आणि नंतर थोडा उतरेल, ते स्वाभाविक. या प्रोसेसरच्या नावात १.७० गिगाहर्ट्‌झ लिहिलेलं असतं. त्याच्याही खाली जाऊन तिथेच अडकला, तर पंखा तुंबलाय, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा चार्जरचा घोळ आहे. पंखा आणि पेस्ट किरकोळ काम, दुकानदाराकडून करून घ्या. पण या दहा मिनिटांत मशीन अचानक बंद पडलं किंवा निळी स्क्रीन आली, तर मी पुढे जात नाही.

स्क्रीन आणि कीबोर्ड

मशीन बंद करा, D ची कळ दाबून धरा आणि चालू करा. डेल स्वतःच पूर्ण स्क्रीनभर एकेक रंग दाखवते. पांढऱ्यावर दाबाचे काळसर डाग आणि कडेचा पिवळेपणा दिसतो, काळ्यावर न विझणारे ठिपके. हाताने सावली करून काळा रंग दोनदा बघा. एखादा ठिपका कोपऱ्यात असेल तर मी सोडून देतो. मधोमध डाग असेल तर रोज त्याच्याकडेच लक्ष जातं.

कीबोर्डसाठी नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा, खरंच प्रत्येक. एका ओळीतल्या दोन-तीन शेजारच्या कळा मेलेल्या असतील तर बहुतेक कधीतरी चहा सांडलाय. मग कीबोर्ड बदलून भागेल असं समजू नका, तो ओलावा खाली मदरबोर्डपर्यंत गेलेला असू शकतो. पेनड्राइव्ह प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये लावा, इअरफोन लावून एक गाणं ऐका, कॅमेऱ्याने फोटो काढा, माइकवर चार शब्द रेकॉर्ड करा. याला पाच मिनिटं पुरतात.

बॅटरी, म्हणजे घासाघीस

कमांड प्रॉम्प्ट साधाच उघडा, अॅडमिन नको, आणि ही आज्ञा द्या:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे ठेवली तो पत्ता खाली छापून येतो. ती ब्राउझरमध्ये उघडा आणि फक्त दोन आकडे बघा: DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY. भाचीच्या मशीनवर पहिला साधारण ६०,००० मिलिवॅट-अवर होता, दुसरा ३७,८००. भागाकार केला की ६३ टक्के. म्हणजे नवीन असताना जेवढी चालायची त्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडी कमी चालेल.

पण हा आकडा बॅटरीतली चिप सांगते, आणि चिपचा अंदाज चुकू शकतो. म्हणून चार्जर काढून, उजेड अर्ध्यावर ठेवून पंधरा मिनिटं व्हिडिओ चालवला. अशा कामाला हे मशीन साधारण आठ वॅट खातं, म्हणजे पंधरा मिनिटांत दोन वॅट-अवर. ३७.८ मधले दोन म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास. आमची बॅटरी ९४ वरून ८८ वर आली, सहा टक्के. म्हणजे आकडा खरा होता, चार तास सहज निघतील. पंधरा मिनिटांत पंधरा-वीस टक्के गेले असते, किंवा ४० वरून एकदम १० वर उडी पडली असती, तर रिपोर्ट काहीही म्हणो, बॅटरी संपलेली असती.

दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि CYCLE COUNT शून्य किंवा रिकामं दिसलं तर खूश होण्याआधी थांबा. बॅटरी खरंच नवीन असेल, किंवा स्वस्तातली असेल आणि तिची चिप ठरीव आकडा सांगत असेल. पंधरा मिनिटांची परीक्षा तिथेही घ्याच.

एसएसडीसाठी पॉवरशेल अॅडमिन म्हणून उघडून:

```
Get-PhysicalDisk | Get-StorageReliabilityCounter |
  Select Wear, PowerOnHours
```

Wear म्हणजे किती टक्के झिजली. PowerOnHours चा अंदाज असा लावायचा: रोज आठ तास, वर्षाचे २५० दिवस, चार वर्षं, म्हणजे ८,००० तास. त्याच्या आसपासचा आकडा म्हणजे मूळची एसएसडी. ४०-५० तास म्हणजे दुकानात नवीन टाकलेली. ते वावगं नाही, कारण डेटाच्या भीतीने कंपन्या आपल्या डिस्क अनेकदा काढूनच घेतात. मात्र टास्क मॅनेजरमध्ये तिचं नाव बघा. नावाजलेली नसेल तर चालते, पण महत्त्वाच्या फाइली तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका. काही एसएसडी हे आकडे सांगतच नाहीत, रकाने रिकामे येतात. तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन वापरून बघा.

सौदा

घड्याळात तासाला पाच मिनिटं कमी होती. कुलूप नाही, बोर्ड ताणाखाली टिकला, स्क्रीन स्वच्छ, रॅमची एक जागा मोकळी. खोट एकच, बॅटरी ६३ टक्के. मी दुकानदाराला रिपोर्ट दाखवला आणि विचारलं, “शेठ, नवीन बॅटरी केवढ्याला?”

“तीन हजार दोनशे. पण ही अजून वर्षभर जाईल.”

“जाईल ना. मग अर्धे तुम्ही सोसा.”

१८,५०० चे १७,००० झाले. भाची हळूच म्हणाली, “मामा, आपणच नवीन टाकून घेऊ ना आत्ताच.” मी नको म्हटलं. चार तास कॉलेजच्या दिवसाला पुरतात, आणि वर्षभराने टाकलेली बॅटरी एक वर्ष पुढपर्यंत नवी राहील.

बिलावर दुकानदार नुसतं ‘डेल लॅपटॉप १ नग’ लिहीत होता. त्याला थांबवून मॉडेल, सर्व्हिस टॅग, जीएसटी क्रमांक आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून घेतले. मशीन कधी चोरीच्या चौकशीत सापडलं तर तुमच्याकडे दाखवायला तोच कागद असतो, आणि टॅगशिवाय तो कुठल्याही लॅपटॉपचा ठरतो. बॅटरी, बायोस आणि Activation या तिन्ही पानांचे फोटो तिथेच काढून ठेवले.

वॉरंटी एक महिन्याची मिळाली. म्हणून भाचीला सांगितलं की पहिल्या आठवड्यात मशीन रोज कॉलेजात ने, झाकण मिटून झोपव, परत उघड, रात्री चार्जिंगला लाव. झोपेतून उठताना अडकणं, बॅगेत असताना गरम होणं, वायफाय तासाभराने तुटणं, हे दोष दुकानाच्या काउंटरवर तासाभरात दिसत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला: झाकण मिटलं तरी पंखा चालूच राहतो. डेलच्या साइटवरून त्या सर्व्हिस टॅगचे ड्रायव्हर आणि नवीन बायोस टाकल्यावर ते थांबलं. थांबलं नसतं तर अजून सत्तावीस दिवस हातात होते.